टँकर वर्गणीचे मेसेज: ओळ घसरू नये म्हणून

सी-२०१ (सचिव): बोअर आटल्यापासूनची टँकर बाकी प्रत्येकाला नावानिशी व्हॉट्सॲपवर पाठवायचीय. सभासदांच्या गूगल शीटमध्ये ४८ ओळी आहेत, खजिनदार काकांच्या बाकी यादीतही ४८. रकमेचा कॉलम नावांशेजारी पेस्ट करू का?

बी-३०४: ताई, तसं करू नका. यादीत ए-१०३ नाही, कारण त्यांची बाकीच नाही. तिथून पुढची प्रत्येक रक्कम एक ओळ वर सरकेल आणि ए-१०४ चे ६०० रुपये ए-१०३ च्या नावावर जातील.

सी-२०१ (सचिव): पण मग शेवटी एक घर रिकामं दिसायला हवं ना?

बी-३०४: सी-४०२ ची नोंद दोनदा आहे, एप्रिलची आणि मेची. एक कमी, एक जास्त, म्हणून ४८ जुळले. मधली सगळी घरं मात्र चुकलेली. ओळींची संख्या जुळली म्हणून भरवसा ठेवायचा नाही, रक्कम फ्लॅट नंबरावरूनच आणायची. सभासद शीटमध्ये A फ्लॅट, B नाव, C मोबाईल ठेवा, त्याच फाईलच्या बाकी शीटमध्ये A फ्लॅट, B रक्कम, आणि सभासद शीटच्या D2 मध्ये हे टाकून खाली ओढा:

```
=SUMIF('बाकी'!A:A,A2,'बाकी'!B:B)
```

सी-४०२ च्या दोन्ही नोंदींची बेरीज होते, ए-१०३ ला ० येतं. VLOOKUP लावलं असतं तर फक्त पहिली नोंद उचलली असती.

ए-५०२ (खजिनदार): माझ्या यादीची बेरीज ३१,२०० आहे. आत्ता D कॉलमची ३०,६०० दिसतेय.

बी-३०४: काका, म्हणजे ६०० ची एक नोंद कुठल्याच फ्लॅटला लागली नाही. बाकी शीटच्या C2 मध्ये हे टाकून खाली ओढा, जिथं ० येईल ती नोंद बघा:

```
=COUNTIF('सभासद'!A:A,A2)
```

ए-५०२ (खजिनदार): बी-१०२ ला ० आलं. दिसायला तर बरोबर आहे.

बी-३०४: नंबराच्या मागं स्पेस पडली असेल. डोळ्याला दिसत नाही, पण शीटच्या लेखी तो वेगळाच फ्लॅट. घर पुसून नंबर नव्यानं टाइप करा.

ए-५०२ (खजिनदार): केलं. ३१,२०० जुळले.

बी-३०४: आता सभासद शीटच्या E2 मध्ये मजकूर, F2 मध्ये लिंक. मोबाईलचे दहाच आकडे हवेत, आधी ० किंवा ९१ नको.

```
=IF(D2>0,"नमस्कार "&B2&", फ्लॅट "&A2&" ची टँकर बाकी ₹"&D2,"")
=IF(D2>0,HYPERLINK("https://wa.me/91"&C2&"?text="&ENCODEURL(E2),A2),"")
```

सी-२०१ (सचिव): लिंक दाबली की मेसेज लगेच जातो का?

बी-३०४: नाही. त्या नंबराची चॅट मजकुरासकट उघडते, बाण तुम्हीच दाबायचा. वर सेव्ह केलेलं नाव आणि मजकुरातलं नाव जुळतंय का, हे प्रत्येक वेळी बघा. चुकीचा मोबाईल नंबर बेरजेत सापडत नाही, तो इथंच कळतो. आणि अधेमधे नुसता B कॉलम निवडून सॉर्ट करू नका, नावं हलतात आणि नंबर जागेवरच राहतात.