मजकूर म्हणून पडलेल्या तारखा: खरी तारीख करायची की वर्ष पुढं आणायचं?

जुने_कागद: आमच्या पेठेतल्या वाचनालयात शाहूकाळातले कागद आणि फोटो आहेत. त्यांची यादी एक्सेलमध्ये करतोय, चारशेच्या वर नोंदी झाल्यात. तारखेचा रकाना सुरुवातीलाच Text करून ठेवला होता. आता A ते Z लावलं की असं येतं:

```
02/04/1894
06/05/1922
26/06/1874
26/07/1902
```

म्हणजे महाराजांचा राज्याभिषेक पहिला, निधन दुसरं, आणि जन्म त्याच्याही नंतर! आरक्षणाचा हुकूम तर तळाला. वर्षाप्रमाणं क्रम कसा लावू? काही नोंदींवर नुसता महिना आणि वर्ष आहे, काहींवर वर्षच.

रंकाळा_कट्टा: एवढंच व्हय? रकाना निवड, Ctrl+1 दाब, Custom मध्ये yyyy-mm-dd टाक. दोन मिनिटांचं काम भावा.

जुने_कागद: केलं. एक अक्षरसुद्धा हललं नाही.

हिशेबनीस: हलणार कसं? फॉरमॅट म्हणजे आकड्याला घातलेला सदरा. इथं आत आकडाच नाही, नुसती अक्षरं आहेत, म्हणून एक्सेल डावीकडून एकेक अक्षर बघत क्रम लावतंय. Data मध्ये Text to Columns घ्या, तिसऱ्या पायरीवर Date निवडून शेजारी DMY करा आणि Finish. तारखा उजवीकडं सरकल्या की समजायचं, खऱ्या झाल्या. मग सॉर्ट. वीस वर्षं मी हेच करतोय. वर्ष पुढं आणून मजकूरच ठेवायचा हा जुगाड मला पटत नाही. तारीख ती तारीखच असावी.

अनघा_शाहूपुरी: हिशेबनीसकाका, रोग बरोबर ओळखलात, पण औषध या चार ओळींवर चालवून बघा. १९०२ आणि १९२२ उजवीकडं जातील, १८७४ आणि १८९४ डावीकडंच राहतील. एक्सेलची दिनदर्शिका १ जानेवारी १९०० ला सुरू होते, त्याआधीची तारीख त्याला तारीख वाटतच नाही. आणि चढत्या क्रमात आकडे आधी, मजकूर नंतर. त्यामुळं आता असं येईल:

```
26/07/1902
06/05/1922
02/04/1894
26/06/1874
```

आधीचा घोळ निदान बघताक्षणी कळत होता. हा कळत नाही, कारण चारशे नोंदींत वरच्या तीनशे अगदी नीट लागलेल्या दिसतात.

हिशेबनीस: मग DATE वापरा की. वर्ष, महिना, दिवस वेगळे काढून द्यायचे.

```
=DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2))
```

अनघा_शाहूपुरी: लावून बघितलंत का? 26/06/1874 ला त्यातून साल ३७७४ निघतं. १९०० पेक्षा लहान वर्ष दिलं की DATE त्यात १९०० मिळवतं. चूक म्हणून लाल खूण नाही, काही नाही. महाराजांचा जन्म अजून व्हायचाय!

रंकाळा_कट्टा: 😂 नाद खुळा

गूळ_आडत: मध्येच बोलतोय, पण माझंही दुखणं हेच. बिलांच्या सॉफ्टवेअरमधनं फाइल काढली, ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरवर उघडली. २०२१ चा दिवाळी पाडव्याचा सौदा 05/11/2021 चा, तो मे महिन्यात जाऊन बसला! १५ नोव्हेंबरचं बिल मात्र डावीकडं चिकटलेलं. मीपण वर्ष पुढं आणू का?

अनघा_शाहूपुरी: नको, तुमचं वेगळं आहे. त्या कॉम्प्युटरवर तारखेची पद्धत अमेरिकेची असणार, महिना आधी. त्यामुळं १२ पर्यंतचे दिवस महिना समजून उलटले आणि १३ च्या पुढचे मजकूर म्हणून राहिले. उलटलेल्या तारखा आता खऱ्या तारखा आहेत, त्यांच्यावर कुठलंही सूत्र लावलं तरी ते चुकीच्याच तारखेवर चालेल. कॉम्प्युटरची तारखेची पद्धत भारताची करा आणि मूळ फाइल परत उघडा. तुम्हाला तारखा खऱ्याच लागतात, उधारीचे दिवस मोजायचे असतात. तिथं हिशेबनीसकाकांचं सोळा आणे खरं.

जुने_कागद, तुम्ही मूळ रकान्याला हात लावू नका. शेजारी एक रकाना घाला, त्याचा फॉरमॅट General ठेवा आणि हे लिहा:

```
=VALUE(IF(LEN(A2)=10,RIGHT(A2,4)&MID(A2,4,2)&LEFT(A2,2),
IF(LEN(A2)=7,RIGHT(A2,4)&LEFT(A2,2)&"00",A2&"0000")))
```

26/06/1874 चं 18740626 होईल. नुसतं 07/1911 असेल तर 19110700, नुसतं 1911 असेल तर 19110000. सगळी यादी निवडून या रकान्यावर सॉर्ट करा. कुणी 2/4/1894 असं शून्य न देता टाइप केलं असेल किंवा शेवटी मोकळी जागा सोडली असेल, तर लांबी जुळणार नाही आणि तिथं #VALUE! येईल. ते यायलाच पाहिजे, हातानं दुरुस्त करायच्या ओळी त्याच.

मध्ये रेघा घालून 1902-07-26 असं मी मुद्दाम केलं नाही. दिसायला छान, पण फाइल सीएसव्ही करून परत उघडली की एक्सेल १९०२ वाल्याची तारीख करतं आणि १८७४ वाल्याचा मजकूरच ठेवतं. पुन्हा पहिले पाढे. आठ आकडी संख्या मात्र संख्याच राहते.

हिशेबनीस: संख्या राहते, पण उपयोग काय? 19220506 मधून 19020726 वजा केलं तर दिवस निघतात का? त्यापेक्षा लिबरऑफिसचं कॅल्क घ्या. तिथं १८७४ ची तारीख खरी तारीख म्हणून बसते.

अनघा_शाहूपुरी: दिवस निघत नाहीत, मान्य. हा रकाना फक्त क्रमासाठी. कॅल्कचंही खरं आहे, पण ‘जुलै १९११’ तिथं कसं लिहिणार? १ जुलै लिहावं लागेल. कागदावर जो दिवस नाही तो आपण घालायचा?

हिशेबनीस: शेजारी ‘अंदाजे’ असा रकाना करायचा. हिशेबात चालतंय.

अनघा_शाहूपुरी: हिशेबात चालत असेल. पुढं कुणीतरी तो रकाना न बघता १ जुलै छापून टाकतंय.

तालीम_मास्तर: माझं काम फोटोंचं असतंय. नुसतं वर्ष असलेला फोटो त्या वर्षाच्या तोंडाला कशाला? शेवटी गेला तर ठरलेल्या तारखांचे सलग दिसतील. 0000 च्या जागी 9999 टाकतो मी.

अनघा_शाहूपुरी: टाका की. फक्त सगळ्या यादीत एकच रीत ठेवा.

जुने_कागद: लावलं, चौदा ठिकाणी #VALUE! आलं, दुरुस्त केली. बाकी क्रम बरोबर. पण सगळ्यात वर १८१६ सालची दोन पत्रं आलीत, आणि त्यात १८९४ च्या राज्याभिषेकाचा उल्लेख आहे!

तालीम_मास्तर: शके असंल ते. ७८ मिळवा, १८९४ येतंय.

अनघा_शाहूपुरी: शके गुढीपाडव्याला बदलतं. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतचं पत्र असेल तर इंग्रजी वर्ष १८९५ निघेल, ७९ मिळवावे लागतील. पत्रावर महिना कुठला आहे?

जुने_कागद: एकावर आषाढ आहे. दुसऱ्याचा तो कोपरा वाळवीनं खाल्लाय.