सल्ला हवा: चौकड्याचा शर्ट बेतायचाय, रेघा कुठं जुळवायच्या आणि कुठं सोडून द्यायच्या?

विश्रामबागवाली
नमस्कार मंडळी. मी सांगलीची. शिवण शिकून दीड वर्ष झालं, साध्या कापडाचे तीन शर्ट शिवून झाले. आता पहिल्यांदाच चौकडा घेतलाय. गणपती पेठेतून आणलेलं सुती कापड आहे, पन्हा ५८ इंच, लांबी १.६० मीटर. पांढऱ्यावर निळा चौकडा आणि निळ्याला लागून बारीक लाल रेघ. लाल आडवी रेघ दर ३ इंचांनी येते, उभी दर अडीच इंचांनी. शर्ट ह्यांच्यासाठी, छाती ४०, पूर्ण बाहीचा.

बटणपट्टी जुळली पाहिजे एवढं मला कळतं. पण बगलेची शिवण, बाही, खिसा, कॉलर सगळंच जुळवायचं म्हटलं तर कापड पुरेल का? आणि सुरुवात कुठून करायची? दोनदा खडू हातात घेतला आणि परत ठेवला.

मिरजेचा_बंड्या
ताई, एवढा विचार करायची गरज नाही. कापड सुलट बाजू आत करून दुमडायचं, काठाला काठ लावायचा, वर पॅटर्न ठेवायचा आणि दोन्ही पुढे एकदम कापायचे. एकदम कापले म्हणजे दोन्हीकडच्या रेघा सारख्याच येणार की. मी असे बरेच कापलेत.

पोवई_नाका
चौकड्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. गेल्या दिवाळीत मी साताऱ्यात एकाकडं चेक्सचा शर्ट शिवायला टाकला. पैसे सांगतील तेवढे दिले. घालून आरशात बघितलं तर खिसा एकीकडं आणि शर्ट एकीकडं, जणू दुसऱ्याच शर्टाचा खिसा कापून डकवलाय! साताऱ्यात रेघा जुळवून देणारा कुणी चांगला आहे का?

विश्रामबागवाली
@पोवई_नाका दादा, मला टेलर नको आहे हो, मलाच शिवायचाय 😄

जुनी_कात्री
मी बेचाळीस वर्षं साताऱ्यात कटिंग केलं, आता दुकान मुलाकडे आहे. बंड्या म्हणतात ते निम्मं बरोबर आहे. दुमडून कापता येतं, पण दोन अटी आहेत. एक म्हणजे खालच्या पदराची रेघ वरच्या रेघेच्या बरोब्बर खाली पाहिजे. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दर दोन-तीन रेघांवर टाचणी आरपार घालून खाली कुठं निघते ते बघावं लागतं. दुसरी अट चौकड्याची. ताई, आधी एवढं सांगा: ती उभी लाल रेघ निळ्या पट्टीच्या मधोमध आहे की एका कडेला?

विश्रामबागवाली
काका, आत्ता नीट बघितलं. उभी लाल रेघ निळ्याच्या उजव्या कडेला आहे, डावीकडे नाही. आडवी मात्र निळ्याच्या मधोमध आहे.

जुनी_कात्री
मग तुमचा चौकडा एकतर्फी आहे. हा दुमडून कापायचा नाही. दुमडलं की खालच्या पदराची लाल रेघ निळ्याच्या दुसऱ्या कडेला येते, त्यामुळं दोन्ही पदरांच्या निळ्या आणि लाल रेघा एकदम एकमेकींच्या बरोब्बर खाली कधीच बसणार नाहीत. कापड एकेरी पसरा, सुलट बाजू वर. सगळे भाग एकाच दिशेनं ठेवा, एखादा उलटा फिरवून बसवायचा मोह टाळा.

आता क्रम सांगतो. पहिला डावा पुढा. बायकांची पहिली चूक इथंच होते, आणि पुरुषांचीही, की बटणपट्टीची कड रेघेवर ठेवतात. कड नाही, मध्यरेषा ठेवायची, म्हणजे बटणं आणि काजं जिथून जातात ती. बटण लावल्यावर एका पुढ्याची मध्यरेषा दुसऱ्याच्या मध्यरेषेवर बसते, कडा कुठंही असोत. ती मध्यरेषा उभ्या लाल रेघेवर ठेवा. पट्टी वेगळी कापून जोडू नका, पुढ्याचंच कापड आत दुमडून पट्टी करा. तिथं शिवणच नसली की जुळवायचा प्रश्नच राहत नाही.

पुढा ठेवला की कापायच्या आधी पेन्सिलीनं कागदावर खुणा करा. आडव्या लाल रेघा कुठं कुठं जातात ते कागदावर ओढून घ्या, बगलेच्या कोपऱ्याजवळची तर हमखास. मग तोच कागद पालथा करून उजवा पुढा ठेवा: मध्यरेषा पुन्हा लाल रेघेवर, आणि कागदावरच्या आडव्या खुणा कापडाच्या आडव्या रेघांवर. मधल्या उभ्या रेघांच्या खुणा आता लागू पडणार नाहीत, त्यांच्याकडे बघू नका.

विश्रामबागवाली
कळलं. आणि पाठ? वेगळी जुळवायची म्हणजे कापड जास्त लागणार ना?

जुनी_कात्री
५८ पन्ह्याचा फायदा इथंच आहे. चाळीस छातीला एक पुढा पट्टीसकट साधारण १५ इंच रुंद, पाठ २६ इंच. दोन पुढे आणि पाठ मिळून ५६, म्हणजे तिन्ही भाग एकाच ओळीत शेजारी शेजारी मावतात. तिन्हींच्या बगलेचे कोपरे एकाच आडव्या लाल रेघेपासून सारख्या अंतरावर ठेवले की बगलेपासून घेरापर्यंत रेघा आपोआप जुळतात. जास्तीचं कापड शून्य. एवढंच की दोन इंच मोकळे राहतात त्यातच पुढे सरकवायला जागा आहे, कारण तिन्ही मध्यरेषा लाल रेघेवर यायच्यात. पाठीची मध्यरेषाही लाल रेघेवर ठेवा, कॉलरची पण. मागून बघणाऱ्याला ते लगेच दिसतं.

बगलेच्या शिवणीत उभ्या रेघा जुळत नाहीत, जुळवायच्याही नसतात. तिथं फक्त आडव्या.

कृष्णाकाठचा_शिवणवर्ग
काकांचं पटलं, पण एक भर घालते. तीन भाग शेजारी ठेवले की आपोआप जुळतं हे कापड सरळ असेल तरच. पॉवरलूमच्या कापडात बऱ्याचदा आडवी रेघ काठाशी एका उंचीवर आणि मध्यभागी थोडी वर किंवा खाली असते, धनुष्यासारखी. माझ्याकडे विद्यार्थिनी असं कापड आणतात तेव्हा मी काठाला काठ लावून धरायला सांगते, आणि मध्यभागी रेघ किती झुकली ते पट्टीनं मोजायला. अर्धा इंच झुकली असेल तर कापड पाण्यातून काढून, ओलसर असतानाच कर्णाच्या दिशेनं ओढून इस्त्री करायची. तरीही राहिलीच तर पट्टीवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक भागाला रेघच बघा. आणि चौकडा छापील असेल, म्हणजे उलट बाजूनं फिका दिसत असेल, तर ओढून उपयोग नाही. रेघा धाग्याबरोबर नसतातच मुळी.

विश्रामबागवाली
मोजलं ताई. मध्यभागी दोन सूत खाली आहे. छापील नाही, दोन्हीकडून सारखाच रंग आहे. भिजवून बघते.

मिरजेचा_बंड्या
बाहीचं काय करायचं मग? मी तर बाहीचा माथा, म्हणजे खांद्याच्या शिवणीशी जुळवतो.

जुनी_कात्री
माथ्याशी जुळवून फायदा होत नाही. बाही माथ्यावर थोडी सैल असते, ती मुंढ्यात बसवताना रेघ सरकते, आणि खांद्याचा उतार वेगळाच. शर्ट बघताना माणसाची नजर छातीच्या बाजूला, पुढच्या मुंढ्यावर जाते. तिथं जुळवा.

पुढ्यावर बगलेच्या कोपऱ्यापासून मुंढ्याच्या वळणावर साडेतीन इंच मोजून खूण करा. बाहीवर पुढच्या बाजूला तसंच बगलेपासून साडेतीन इंचांवर खूण करा. दोन्ही मोजमापं शिवणीच्या रेषेवर घ्यायची, कापलेल्या कडेवर नाही, हे फार महत्त्वाचं आहे. मुंढा आत वळतो आणि बाहीचा गोलवा बाहेर वळतो, त्यामुळं अर्धा इंच माया सोडली की दोघांच्या कडांची लांबी सारखी राहत नाही. कडेवर जुळवलेली रेघ शिवल्यावर हमखास चुकते. पुढ्याच्या खुणेवर कापडाची जी आडवी रेघ येते, तीच बाहीच्या खुणेवर आणायची. खालचे साडेतीन इंच छान जुळतील, वरती हळूहळू फाकत जाईल. मागच्या बाजूला तर नाहीच जुळणार, योक मधे येतो.

त्यासाठी बाही खालीवर सरकवावी लागते, जास्तीत जास्त एक चौकडा, म्हणजे तुमच्या कापडात ३ इंच. हिशेब करा: १.६० मीटर म्हणजे ६३ इंच. पुढे-पाठीची ओळ ३२, सरकवायला ३, बाही २४. झाले ५९. बाह्यांच्या शेजारी १६ इंचांची एक उभी पट्टी उरते, त्यात कॉलर, कफ, योक, खिसा. बसेल, पण तंग. आतला योक आणि कॉलरचा आतला पदर साध्या पांढऱ्या कापडाचा घ्या.

कृष्णाकाठचा_शिवणवर्ग
मी तर योक तिरपा कापते. तिरपा चौकडा केला की जुळवायची भानगडच नाही आणि दिसतोही छान.

जुनी_कात्री
दिसतो छान, पण उरलेल्या १६ इंचांच्या पट्टीत तिरपा योक मावणार नाही. शिवाय माझ्या मते तिरपा कापणं म्हणजे जुळवणं टाळणं. मी आजही सरळच कापतो. ताई, त्याच ताग्यातून ३० सेंटीमीटर मिळालं तर घेऊन ठेवा, मग दोन्ही पर्याय राहतात.

कृष्णाकाठचा_शिवणवर्ग
काका, ह्यावर आपलं कधी जमणार नाही 😊

पोवई_नाका
आणि खिसा? माझा प्रश्न खरा तोच होता.

जुनी_कात्री
खिसा सगळ्यात शेवटी. खिशाचा कागद तयार डाव्या पुढ्यावर जागेवर ठेवायचा, खालच्या उभ्या-आडव्या रेघा कागदावर ओढायच्या, मग उरलेल्या कापडावर त्या खुणा जुळवून खिसा कापायचा. कागदावर दुमडायची माया धरू नका, माया कापताना सोडा. तुमच्या टेलरनं उरलेल्या तुकड्यातून सरळ खिसा काढला असणार.

विश्रामबागवाली
(पाच दिवसांनी)
कापून झाला, शिवूनही झाला! भिजवून ओढल्यावर कापड जवळजवळ सरळ झालं. ३० सेंमी जास्तीचं मिळालं नाही, तागा संपला होता. बटणपट्टी आणि खिसा मस्त बसले. पण एक विचित्र झालं. डावी बगल खालपर्यंत जुळली, उजवी मात्र वर जुळलेली आणि घेराशी दोन सूत चुकलेली. कापताना तर दोन्ही सारख्या होत्या, परत मोजल्या.

जुनी_कात्री
उजवी शिवताना टाचण्या लांब लांब होत्या का? मशीनचे दात खालचा पदर ओढतात, वरचा मागं राहतो. वीस इंचांच्या शिवणीत दोन सूत सहज सरकतं. टाचणी रेघेवरच, दर रेघेला, शिवणीच्या आडवी. वरच्या रेघेत घालून खालच्या रेघेतूनच काढायची. आम्ही चौकड्याला आधी हातानं धावदोरा घालायचो, मग मशीन. दाबाचा स्क्रूही थोडा सैल करून बघा.

विश्रामबागवाली
हो काका, उजवीला घाईत चारच टाचण्या लावल्या होत्या. उसवते आणि धावदोरा घालून परत शिवते.

मिरजेचा_बंड्या
पण तुमचा चौकडा मधोमध असता तर दुमडून चाललं असतं ना, एवढं तरी कबूल करा.

जुनी_कात्री
चाललं असतं. दुमड बरोब्बर चौकड्याच्या मध्यावर घेतली असती तर.