मदत हवी आहे: २८ आठवड्यांना क्रिएटिनिन ०.९ आणि रिपोर्टवर ‘नॉर्मल’

नमस्कार मंडळी. मी ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. एका रिपोर्टवर तुमचं मत हवंय.

पहिलटकरीण, २८ आठवडे. सीरम क्रिएटिनिन ०.९ आलंय. शेजारी ०.६ ते १.२ ही रेंज छापून लॅबने नॉर्मल म्हटलंय. पण नवव्या आठवड्यात तिचंच ०.५ होतं.

मला हे पटत नाही. गरोदरपणात रक्तवाहिन्या सैलावतात, हृदय मिनिटाला ३० ते ५० टक्के जास्त रक्त ढकलतं आणि मूत्रपिंडाची गाळण्याची गती सुमारे ५० टक्क्यांनी वाढते. म्हणून क्रिएटिनिन साधारण ०.४ ते ०.८ पर्यंत उतरतं. छापलेली रेंज गरोदर नसलेल्यांची आहे. आणि आकडा ०.५ वरून ०.९ होणं म्हणजे गाळणं बऱ्यापैकी घटलंय.

बीपीचंही तसंच. सुरुवातीला १०४/६४, आता १२८/८२. एरवी याकडे कुणी पाहणार नाही, पण मधल्या महिन्यांत बीपी थोडं खाली असायला हवं. पायांवर सूज आहे, पण ती निरोगी गरोदरपणातही येते, त्यामुळे तिच्यावर माझी भिस्त नाही. लघवीच्या पट्टीवर प्रोटीन ‘ट्रेस’. डोकेदुखी नाही, बाळाची हालचाल चांगली.

क्रिएटिनिन पुन्हा पाठवलंय. सोबत प्लेटलेट, लिव्हर एन्झाइम आणि लघवीचं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर. रिपोर्ट उद्या येतील. तोवर तिला दाखल करून दर चार तासांनी बीपी बघावं, की आजच जिल्हा रुग्णालयात पाठवावं? आणि तुमच्याकडे कुणाच्या लॅबने गरोदर बायकांसाठी वेगळी रेंज छापायला सुरुवात केलीय का? कशी करवून घेतलीत?