वेळ गेल्याचं दाखवायला डिझॉल्व्ह हवाच का?

मृण्मयी: लघुपटाचं संकलन करतेय. एक आजी रात्रभर मुलाच्या फोनची वाट पाहते, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. वेळ सरकल्याचं कळावं म्हणून जागोजागी डिझॉल्व्ह टाकलेत, म्हणजे एक शॉट विरत असतानाच त्यावर दुसरा उमटतो, असे एकूण अकरा. मित्र म्हणतो, सगळे काढ. शिवाय घड्याळाच्या गोल तबकडीवरून तशाच गोल चंद्रावर जाणारा एक मॅच कट आहे, तो मला फार आवडतो. काय ठेवू?

रोहित के.: मित्राचं ऐका. डिझॉल्व्ह म्हणजे चित्रीकरणात राहिलेली उणीव झाकणं. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (1962) मध्ये लॉरेन्स काडी फुंकतो आणि थेट वाळवंटातला सूर्योदय येतो. पटकथेत तिथे डिझॉल्व्ह होता. संकलक अ‍ॅन कोट्स यांनी दोन्ही शॉट नुसते जोडलेले पाहिले आणि कटच राहिला. प्रेक्षक हुशार असतो, त्याला हात धरून न्यावं लागत नाही.

विद्याधर: गोष्ट खरी आहे, पण निष्कर्ष अर्धाच. त्या काळी डिझॉल्व्ह नंतर प्रयोगशाळेत तयार व्हायचा, म्हणून संकलनाच्या टेबलावर शॉट आधी साधेच जोडलेले दिसायचे. तिथे कट चालला, कारण बंद खोलीतून उघड्या वाळवंटात गेल्यावर जागा बदलल्याचं चित्रच सांगतं. आजीच्या खोलीत तसं नाही.

मृण्मयी, तुमचे अकरा एकसारखे नाहीत. संध्याकाळ ते रात्र बघा. खिडकीबाहेर अंधार पडलाय, दिवा लागलाय. वेळ गेल्याचं उजेडानेच सांगितलं, मग डिझॉल्व्ह तेच पुन्हा सांगतो. तिथे कट. पण रात्रीच्या मधल्या भागात तीच खुर्ची, तोच कॅमेरा, तोच दिवा असेल, आधी आजी ताठ बसलेली आणि पुढच्या शॉटमध्ये मान कललेली, तर साध्या कटाने तिचं शरीर झटका खाईल आणि मधला तुकडा गहाळ झाल्यासारखं वाटेल. तिथे डिझॉल्व्ह खरं काम करतो. कॅमेरा तिवईवर स्थिर असेल तर खोली जागच्या जागी राहते आणि फक्त आजी विरघळते.

आधी सगळे अकरा काढून टाका. चित्रपट न पाहिलेल्या माणसाला दाखवा आणि प्रत्येक प्रसंगानंतर विचारा, आता किती वाजले असतील? जिथे तो चुकेल तिथेच डिझॉल्व्ह परत आणा.

सुजाता: मी मुलाखती कापते. बोलण्यातला मधला भाग काढला की चेहरा उडी मारतो, म्हणून मी तिथे हमखास डिझॉल्व्ह टाकते. कुणी तक्रार केलेली नाही.

विद्याधर: तुमचा प्रश्न वेगळा आहे, सुजाता. मृण्मयीला वेळ गेल्याचं दाखवायचंय, तुम्हाला बोलणं सलग ठेवायचंय. डिझॉल्व्हने उलट, मध्ये काही काळ गेला असंच वाटतं. शिवाय मधल्या फ्रेमवर थांबून बघा, एका चेहऱ्यावर चार डोळे दिसतील. त्या सांध्यावर हातांचा किंवा ज्याबद्दल बोलणं चाललंय त्या वस्तूचा शॉट ठेवा आणि आवाज खाली अखंड चालू द्या.

मृण्मयीनेही मधली फ्रेम तपासावी. पहिल्या शॉटमधला दिवा दुसऱ्यातल्या आजीच्या कपाळावर पेटलेला दिसला, तर शॉट बदलावा लागेल. आणि एक सेकंदाचा डिझॉल्व्ह सांध्यावर मधोमध ठेवला, तर दोन्ही शॉटमधला कटाबाहेरचा अर्धा-अर्धा सेकंद वापरला जातो. तिथे अभिनेत्री कॅमेऱ्याकडे बघत असेल तर तेही पडद्यावर येतं.

रोहित के.: मानेच्या शॉटबद्दल मान्य. पण त्या दोन शॉटच्या मध्ये फोनचा क्लोजअप टाकला तर कटानेही वेळ जातो. डिझॉल्व्ह हा एकमेव उपाय नाही.

विद्याधर: नाही, बरोबर. मात्र फोन दाखवलात की प्रेक्षक आता तो वाजेल म्हणून कान टवकारतो. ते हवं असेल तरच.

मृण्मयी: सगळे काढून मैत्रिणीला दाखवलं. रात्रीच्या दोन जागी तिला वेळ कळली नाही, तेवढेच डिझॉल्व्ह परत आणले. तिथे फोन नको, कारण तो शेवटीच दिसावा असं ठरलंय. आता चंद्र?

विद्याधर: तबकडी फ्रेमच्या डावीकडे आणि चंद्र मधोमध असेल, तर नजरेला तो शोधावा लागतो आणि जोड तुटते. जागा आणि आकार जुळवा. पण माझी खरी हरकत वेगळी आहे. तोवर आपण आजीजवळ बसलेलो असतो. या कटाने संकलकाची हुशारी दिसते आणि आपण आजीपासून लांब जातो.

सुजाता: मला नाही पटत. रात्रभर कोंडलेल्या खोलीतून तेवढीच एकदा सुटका मिळते. आजीची नजर आधी घड्याळावर असेल, तर चंद्रही तिनेच पाहिलेला वाटेल.

मृण्मयी: नजर घड्याळावर नाही, दाराकडे आहे. घड्याळाकडे बघणारा टेक आहे, पण त्यात दिवा थोडा लुकलुकतो. तो लावून बघते.