‘एक दिवस, ७०० रुपये, पावसाळ्यात’: वाडी-खिद्रापूरच्या फेरीला असं टायटल द्यावं का?

राजारामपुरीकर: पुण्याच्या मित्रांसाठी एक प्लॅन लिहितोय. अंबाबाई, जोतिबा, नरसोबाची वाडी आणि खिद्रापूर. टायटल ठेवलंय ‘कोल्हापूरची चार देवळं: एक दिवस, ७०० रुपये, पावसाळ्यात’. घरचे म्हणतात आकडे टाकू नको, लोक फसतात. मला वाटतं आकडे नसले तर कोण उघडून पण बघत नाही. तुमचं काय मत?

दोनचाकी भटक्या: आकडे पायजेतच भावा. माणसाला सुट्टी एक दिवसाची आणि खिशात ठरलेले पैसे, तो ‘निसर्गरम्य कोल्हापूर’ वाचून काय करणार? जोतिबा साधारण १८ किमी, परत कोल्हापुरात, तिथनं वाडी ५० च्या आसपास, पुढं खिद्रापूर २० आणि घरी यायला ६०-६५, म्हणजे सगळं मिळून १७० किमी धर. बाईकवर दोघं असले तर पेट्रोल ४०० च्या वर जात नाही, माणशी २०० पडतात, ७०० मध्ये जेवण, चहा, नारळ-हार आणि वाडीची कवठाची बर्फी पण बसते. आणि पावसाळ्यात तर जोतिबाचा डोंगर धुक्यात असतो, नाद खुळा दिसतो, टायटलात ते यायलाच पायजे.

शिरोळचा माणूस: पैशाचं नंतर बघू, मला पावसाळ्यावर बोलायचंय, कारण आमच्याकडं माणूस अडकतो तो त्याच्यामुळंच. जोतिबा आणि खिद्रापूर एकाच जिल्ह्यात असले तरी दोन्हीकडचा पावसाळा एक नाही. डोंगरावर पाऊस नि धुकं असतं, आमच्या शिरोळ तालुक्यात पाऊस मुळात कमी, कैक दिवस आभाळ उघडं असतं आणि त्याच दिवशी नदी चढत असते. पाणी आमचं नसतंच, ते गगनबावडा-राधानगरीच्या घाटातनं पंचगंगेला येतं आणि कोयनेकडनं कृष्णेला येतं, आणि दोन्ही नद्या वाडीलाच एकत्र येतात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की इकडं ऊन पडलेलं असलं तरी लोक जनावरं वर हलवायला घेतात. बाहेरचा माणूस ऊन बघून गाडी काढतो आणि कुरुंदवाडच्या पुढं पाण्यासमोर थांबतो.

दोनचाकी भटक्या: एवढं घाबरवायची गरज नाही. राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज सगळीकडं येते, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. ३९ च्या खाली असेल तर बिनधास्त जायचं, टायटलखाली एक ओळ टाकली की झालं.

शिरोळचा माणूस: राजाराम बंधारा बघणं बरोबर, पण ती पंचगंगेची पातळी आहे, आणि ती पण कोल्हापूरजवळची. वाडीला कृष्णा काय करतेय ते त्यात दिसत नाही. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकायला जागा राहत नाही, ते तुंबतं, मग बंधाऱ्यावर आकडा उतरत असला तरी खाली आमच्या शेतातनं पाणी हलत नाही. म्हणून कोयनेतनं विसर्ग किती चाललाय आणि वाडीला कृष्णा किती आहे हे दोन्ही बघायला लागतं. आणि सगळ्यात सोपं म्हणजे खिद्रापुरात नाहीतर कुरुंदवाडात कुणाला तरी फोन करून रस्ता सुरू आहे का एवढं विचारायचं. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आम्ही बघितलाय, दोन्ही वेळेला शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवेच बंद होता. तुझे पुण्याचे मित्र तेव्हा कोल्हापुरात पण पोचले नसते.

वाडीची वारकरीण: मला तुमचं हे बोलणं कळत नाही. आम्ही वाडीला जातो तेच मुळी पावसाळ्यात, दक्षिणद्वारासाठी! पाणी उत्तरेच्या दारानं आत येतं, महाराजांच्या पादुकांवरनं दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्यात स्नान करायला माणसं कुठनं कुठनं येतात. आता तर मला एसटीला अर्धं तिकीट आहे आणि आमचे ७५ च्या पुढचे, त्यांना फुकट, आमचं दोघांचं ७०० मध्ये सगळं आरामात होतं. पावसाळ्यात जाऊ नका असं लिहू नका बाई.

शिरोळचा माणूस: काकू, तुमचं अगदी खरं आहे, दक्षिणद्वारासाठी पावसाळाच पायजे. पण ते कधी होणार हे नदीवर असतं, बातमी आली की तुम्ही निघता, महिनाभर आधी रजा टाकून कोण येत नाही. आणि त्या दिवसांत तुम्ही वाडी करून परत फिरता, पुढं खिद्रापूरला जात नाही. यांच्या प्लॅनमध्ये दोन्ही एकाच दिवशी आहेत, अडचण तिथं आहे. एसटीचं पण तसंच, वाडीपर्यंत गाड्या भरपूर, खिद्रापूरला कमी, तिथं वेळ जुळली नाही तर एका दिवसात चार देवळं बसत नाहीत.

मोहिमेचा गडी: पन्हाळा ते पावनखिंड आम्ही दरवर्षी जुलैतच करतो की, दोन दिवस, मसाई पठारावर चिखल, जळवा, धुकं, पाच फुटांवरचा माणूस दिसत नाही, तरी शेकडो पोरं चालतात. पावसाळा नको म्हणणाऱ्यांनी एकदा यावं.

राजारामपुरीकर: दादा, मोहिमेचा विषयच नाही. तिथं जुलै ठरलेलाच आहे, महाराज १६६० च्या जुलैत त्याच वाटेनं निघाले म्हणून लोक त्याच दिवसांत चालतात, पाऊस त्या चालण्यातच आला. देवळांच्या फेरीला तसं काही बंधन नाही. शिरोळवाले, मग महिना कुठला टाकू?

शिरोळचा माणूस: नोव्हेंबरच्या सुरुवातीपासनं फेब्रुवारीपर्यंत. रस्ते कोरडे असतात, खिद्रापूरच्या स्वर्गमंडपात वरच्या गोल झरोक्यातनं ऊन खाली येतं ते निवांत बघता येतं. पण महिना टाकला म्हणून काम संपलं नाही, वार बघायलाच लागतो. रविवार जोतिबाचा, त्यात माघातल्या रविवारी खेटे असतात तेव्हा डोंगरावर गाडी लावायलाच वेळ जातो. गुरुवारी आणि पौर्णिमेला वाडी भरलेली असते. अंबाबाईचा किरणोत्सव नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी संध्याकाळचा, तो बघायचा तर मावळतीच्या आधी देवळात पोचायला पायजे, मग खिद्रापूर सुटलंच. चांगल्या हंगामात पण ‘एक दिवस’ खरा ठरतो तो मंगळवार, शुक्रवार, सण आणि हे सगळे वार वगळून, शिवाय माणूस पहाटे निघाला तर.

राजारामपुरीकर: आणि पैसे?

दोनचाकी भटक्या: पैशात मी मागं हटणार नाही, आकडा पायजे. फार तर कुणाचा हिशोब ते लिही. चौघं स्वतःच्या गाडीनं, १५ चं ॲव्हरेज धरलं तर पेट्रोल १२०० च्या आसपास, माणशी ३००. दोघंच असले तर ६००, जेवणाला १०० उरले. तीच गाडी ड्रायव्हरसकट भाड्यानं घेतली तर चौघांत पण ७०० पुरत नाहीत. म्हणजे ७०० खोटं नाही, माणसं किती ते सांगितलं नाही एवढंच.

राजारामपुरीकर: बरं, मग असं करतो, ‘अंबाबाई, वाडी, खिद्रापूर: कोल्हापुरातनं एक दिवस, चौघांत स्वतःची गाडी, माणशी ७००, नोव्हेंबर ते फेब्रुवारी’. जोतिबा काढला, त्याला पन्हाळ्याबरोबर वेगळा दिवस देतो.

दोनचाकी भटक्या: जोतिबा काढून कोल्हापूर दाखवणार? मला पटत नाही. पहाटे ५ ला डोंगर करायचा, ९ ला खाली, सगळं होतं.

वाडीची वारकरीण: आणि दक्षिणद्वार कुठं लिहिलं?

शिरोळचा माणूस: काकूंसाठी खाली वेगळा परिच्छेद करा, त्यात फक्त वाडी, कोल्हापुरातनं एसटीनं, आणि तारीख द्यायची नाही. जोतिबाचं मात्र ५ ला उठणारे मित्र आहेत का ते आधी विचारून घ्या.