प्रतिसाद: तुर्की धनुष्याचा पल्ला नुसत्या ताकदीचा नाही

"लाकडी धनुष्य जाड केलं की झालं, शिंग-कंडरांचा खटाटोप कशाला?"

जाड लाकूड न मोडता वाकायला लांब ठेवावं लागतं, आणि धनुष्याचे लांब, जड बाहू स्वतः हलण्यातच बरीच ताकद खातात. तुर्की धनुष्यात तिरंदाजाकडच्या बाजूचं म्हशीचं शिंग दाब सोसतं, पाठीवरच्या कंडरा ताण सोसतात, मधलं लाकूड जवळपास सांगाड्यापुरतं. म्हणून बाहू आखूड आणि हलके चालतात, ताकद बाणाला जास्त मिळते आणि पल्ला वाढतो.

शिवाय सरसात भिजवलेले कंडरांचे तंतू वाळताना आकसतात आणि बाहूंना उलट्या दिशेला ओढतात. दोरी उतरवली की धनुष्य पुढे वळून जवळजवळ कडंच होतं! म्हणजे दोरी चढवली तेव्हाच त्यात भरपूर ताण साठलेला असतो, आणि ओढायला सुरुवात केल्यापासूनच जोर लागतो. वाळायला मात्र महिनोन्‌महिने जातात, आणि दमट हवेत सरस मऊ पडतो.