घावन, नीर डोसा आणि घडी : आपापले अनुभव लिहा

शेगडी
गौरी जवळ आल्या की घावन-घाटल्याची तयारी सुरू होते आणि फाटलेल्या घावनांची गाऱ्हाणीही. इथे फक्त पातळ, न आंबवलेल्या प्रकारांबद्दल लिहूया : आपलं कोकणातलं घावन आणि मंगळूर-उडुपीकडचा नीर डोसा. कृती सगळ्यांकडे असतेच. कृतीत जे लिहिलेलं नसतं ते हवंय. पीठ नेमकं किती पातळ, तवा तापल्याचं कशावरून ओळखता, घडी घालताना फाटू नये म्हणून काय करता?

माझंच आधी सांगते. दुकानातलं तांदळाचं पीठ, नॉनस्टिक तवा. घावन तव्यावरून छान सुटतं, पण घडी घातली की मोडतं.

मंगळूरची सून
माहेर ठाण्याचं, सासर मूडबिद्रीचं. सासरी नाश्त्याला नीर डोसा आणि पाहुणे असले की सोबत कोंबडीची गस्सी. पिठाबद्दल सविस्तर लिहिते, कारण निम्मं काम तिथेच होतं.

एक वाटी जुना कच्चा तांदूळ (आमच्याकडे सोना मसुरी) रात्रभर भिजवायचा. सकाळी मूठभर ओलं खोबरं घालून अगदी कमी पाण्यात वाटायचा. पाणी आधीच जास्त घातलं तर तांदूळ मिक्सरमध्ये नुसता फिरत राहतो आणि रवाळ राहतो. दोन बोटांत चोळून कण लागला नाही की मग पातळ करायचं. वाटायचं धरून एका वाटीला साधारण अडीच ते तीन वाट्या पाणी जातं. मीठ शेवटी. डाव बुडवून काढला की पाठीवर दुधासारखा पातळ थर राहावा. जाड पांढरा लेप राहिला तर अजून पाणी हवं.

खोबरं मूठभरच. त्याने डोसा मऊ राहतो, पण हात सैल सोडला तर तव्याला चिकटतो.

आणि दर डोशाला पीठ तळापासून ढवळायचं. तांदूळ खाली बसतो. न ढवळता घातलेत तर पहिले डोसे नुसते पाणी आणि शेवटचे जाडजूड.

खवय्या_नगर
आमच्याकडे थंडीत पीठ फुगतच नाही. उडीद वाढवू का? मेथीदाणे घालून पाहिले, फरक पडला नाही.

शेगडी
तुमची आंबोळी किंवा साधा डोसा दिसतोय. घावनात उडीद नसतो आणि पीठ फुगायचंही नसतं. वाटलं की लगेच घालायचं.

कुडाळचो
आमची आजी म्हणायची, तवो बिडाचोच व्हयो. मीही तेच म्हणतो. नॉनस्टिकवर घावन होतं, नाही असं नाही, पण जाळी पडत नाही. बिडाचा तवा आधी चांगला तापवायचा, पाण्याचे थेंब शिंपडले की चुर्रर करून लगेच उडाले पाहिजेत. थेंब नुसते बसून उकळत राहिले तर थांबा. मग नारळाची शेंडी किंवा अर्धा कांदा तेलात बुडवून तवा पुसायचा. तेलाचं थारोळं झालं की पीठ सरकतं आणि मधे भोकं नाही तर बोगदे पडतात.

आमच्याकडे रोज कोण तांदूळ भिजवतो? पीठच वापरतो, गिरणीतून बारीक दळलेलं. आणि हो, आम्ही घावन उलटतो.

मंगळूरची सून
उलटायचं कशाला? वरची बाजू झाकणाखालच्या वाफेवर शिजते. उलटला की कडक होतो.

कुडाळचो
झाकण ठेवूनही उलटतो. अर्धा मिनिट. कच्चेपणा राहत नाही.

अर्धाडाव
एवढा विचार कशाला? दोन चमचे मैदा घाला, फाटायचं नाव नाही. मी नेहमी घालतो.

मंगळूरची सून
फाटत नाही हे खरंच. मैद्याने धरून राहतं. पण गार झालं की रबरासारखं ओढावं लागतं आणि तांदळाची चव मागे पडते. डब्यात न्यायचं असेल तर एकवेळ ठीक.

हेमा_जर्सी
इथे विजेची कॉइलची शेगडी आहे. बटण कमी केलं तरी तवा बराच वेळ धगधगत राहतो, त्यामुळे "घालताना मोठी आच, मग मध्यम" हे मला जमतच नाही. मी आच मध्यमच्या जरा वर ठेवते आणि तवाच उचलून बाजूला धरते. तवा जास्त तापला की लगेच कळतं : पीठ पडताक्षणी जागच्या जागी धरतं, पसरत नाही, मधे मोठ्या मोकळ्या जागा राहतात. कमी तापला तर उलट. पीठ शांतपणे पसरतं, एकही छिद्र पडत नाही आणि नंतर खरवडून काढावं लागतं.

तांदूळ मात्र बघून घ्या. जास्मिन घेतला तर चिकट होतो. नव्या तांदळाचंही तसंच.

मंगळूरची सून
शेगडी, एक सांगा. तुमचं घावन फाटतं की मोडतं? दोन्ही वेगळं आहे. मध्यभाग ओला असताना घडी घातली तर लगद्यासारखं फाटतं आणि घडीचे थर एकमेकांना चिकटतात. जास्त वेळ तव्यावर राहिलं तर घडीच्या रेषेवर पापडासारखी चीर जाते. पहिल्याला आणखी थोडा वेळ झाकण हवं. दुसऱ्याला वेळ कमी करायला हवा.

शेगडी
चीर जाते. कडा कागदासारख्या उभ्या राहतात. नॉनस्टिक खराब होईल म्हणून आच बारीकच ठेवते, मग शिजायला वेळ लागतो. झाकण ठेवत नाही.

मंगळूरची सून
मग तेच. मंद आचेवर पाणी हळूहळू उडून जातं, घावन शिजण्याऐवजी वाळतं. शिवाय कोरडं पीठ तुम्ही लगेच घालत असाल. ते कोमट पाण्यात कालवून अर्धा तास ठेवा, नंतर पुन्हा पाणी घालून सारखं करा, कारण तेवढ्यात ते पाणी पितं. वाटीभर पिठाला दोन चमचे नारळाचं दूध घाला. आच मध्यमपेक्षा वर करा, पीठ बाहेरच्या कडेपासून आत ओता, डावाने पसरवू नका. लगेच झाकण. मिनिटभरात वरची ओली चमक जाते आणि कडा सुटायला लागतात, तिथेच काढा. घडी तव्यावरच किंवा ताटात लगेच, गरम असतानाच घाला. फक्त एकावर एक रचू नका, वाफेने चिकटतात. पसरून ठेवा, वाफ गेली की रचा.

शेगडी
आज करून पाहिलं. घडी टिकली, चौकोनी चार पदरी झाली. जाळी मात्र जेमतेम. कडेला आहे, मधे सपाट.

कुडाळचो
सांगितलं ना, बिडाचा तवा.

हेमा_जर्सी
माझा नॉनस्टिकच आहे आणि मला जाळी पडते. आच अजून कमी पडत असेल, किंवा पीठ अजून दाट असेल. पुढच्या वेळी अर्धी वाटी पाणी वाढवून एकच घालून बघा. अख्खं भांडं पातळ करू नका.

खवय्या_नगर
म्हणजे उडीद अजिबातच नाही? मग आमच्या घरी जो होतो तो कुठला?

शेगडी
तुमचं प्रमाण लिहा, मग सांगते. बाकी मंडळी, कुणी उकडा तांदूळ वापरून घावन केलंय का? सासूबाई म्हणतात चिवट होतं, शेजारी म्हणतात उत्तम होतं.